आजी, मी बाळी बोलतेय

माझी आजी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी काका-काकूंजवळ असते. तिला वाचता येतं, म्हणजे यायचं. चौथीपर्यंतची शाळा झालेली आणि पुढे आयुष्यभर पोथी वाचून अक्षर पक्कं झालेलं. आता तिच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजला आहे. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं होतं की आता पोथी पुन्हा सुरू होईल. पण मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या भिंगाचा आणि हा दोष मागच्या पडद्याचा, त्यामुळे भिंग बदललं तरी हा तसाच राहिला. चष्म्याचा नंबर वाढवूनही फारसा उपयोग होत नाही.

या दुखण्यात कडेचं दिसतं आणि मधलं जातं. म्हणून आजी अंगणात न अडखळता फिरते, कोंबड्या हाकलते, दारात कोण आलं ते चालीवरून ओळखते. अक्षर मात्र नेमकं ती जिथे बघते तिथेच पुसट होतं. काकूंनी त्यांच्या फोनवरची अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली, तर एका ओळीत तीन-चार शब्द मावायला लागले. आजी मान तिरकी करून, नजरेच्या कडेनं एकेक शब्द लावते. ‘पोचले’ एवढा निरोप ती अजून वाचते. चार वाक्यांचा मजकूर असला की तिसऱ्या ओळीला येईतो पहिली सुटलेली असते, मग ती फोन खाली ठेवते आणि म्हणते, “नंतर बघू.”

मला तिला एक गोष्ट सांगायची होती. फोनवर बोलताना ती निघत नाही. पाऊस, भात, गुडघे, कोणाचं लग्न ठरलं, एवढ्यात फोन संपतो. शिवाय आजी फोनवर घाईत असते, कारण फोन म्हणजे कोणाचे तरी पैसे जातात हे तिच्या मनातून अजून गेलेलं नाही. लिहून पाठवावं, तर ते काकूंना मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार. नातीनं आजीला मनापासून लिहिलेलं काकूंच्या आवाजात, बहुधा भाकरी थापता थापता. काकू वाचतीलही, पण तिघींनाही अवघडल्यासारखं होईल. म्हणून व्हॉइस नोट. ती माझ्याच आवाजात पोचते, आजीला हवी तेव्हा ऐकता येते आणि पुन्हा लावता येते.

मग बसून ती आधी कागदावर लिहिली. दीड मिनिटाच्या निरोपासाठी कागद घेऊन बसायचं म्हणजे अती वाटेल, पण लिहायला घेतल्यावरच लक्षात आलं की कानासाठी लिहिणं हे वेगळं काम आहे, आणि म्हाताऱ्या कानासाठी लिहिणं त्याहून वेगळं.

आजीला ऐकू कमी येतं, पण ते आवाज बारीक केलेल्या रेडिओसारखं सरसकट कमी नाही. वय झालं की आतल्या कानातल्या ज्या पेशी उंच, तीक्ष्ण आवाज टिपतात त्या आधी थकतात. जाड, खालचे आवाज बराच काळ टिकतात. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, ख, च यांतली जी फुसफुस किंवा खरखर असते ती वर असते. ‘स’चा जोर तर 4000 हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असतो. म्हणून आजीला शब्द ऐकू येतो, पण त्याच्या कडा येत नाहीत. सात, हात आणि भात तिच्या कानाला जवळजवळ एकच. ती स्वतः हे फार नेमकं सांगते. “आवाज येतोय गं, बोलणं येत नाय.”

अशा वेळी घरातलं प्रत्येक माणूस ओरडायला लागतं. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात आणि ज्या कडा हव्या असतात त्या त्यांच्याखाली आणखी दबतात. फोनच्या छोट्या स्पीकरवर तर ओरडलेला आवाज फाटतो. उपयोग होतो तो थोडी खालची पट्टी लावून, नेहमीच्याच आवाजात, शब्द तोंडात पूर्ण करून बोलण्याचा. आणि थांबण्याचा. सावकाश बोलायचं म्हणजे शब्द ताणायचे असं आपण समजतो. ‘कंऽऽदीऽऽल’ असं म्हटलं की तो शब्दच मोडतो, तो आजीच काय, मलाही ओळखू येणार नाही. शब्द होता तसाच राहू द्यायचा आणि दोन वाक्यांच्या मधे जागा ठेवायची. आजीचा कान अर्धा शब्द पकडतो, उरलेला मन जुळवतं, आणि त्या जुळवणीला लागणारा वेळ त्या जागेत मिळतो.

माझ्या कागदावरचं पहिलं वाक्य असं होतं: ‘दहावीत असताना भारनियमनामुळे पहाटे उठून कंदिलाच्या उजेडात अभ्यास करताना माझ्याबरोबर जागत बसून तू जे केलंस ते मी कधीच विसरणार नाही.’ वाचायला बरं आहे. ऐकायला अशक्य आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि लिहिताना आपण ‘असताना’, ‘उठून’, ‘करताना’, ‘बसून’ अशी एकामागून एक अर्धी क्रियापदं लावत जातो. ऐकणाऱ्यानं ती सगळी हातात धरून शेवटच्या शब्दाची वाट बघायची. मधला एक शब्द निसटला की सगळा हात रिकामा. म्हणून त्या वाक्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं स्वतःचं पूर्ण क्रियापद दिलं. मी दहावीत होते. गावात लाईट नसायची. तू मला उठवायचीस. कंदील लावायचीस. आता एखादं वाक्य हुकलं तरी पुढचं आपल्या पायावर उभं राहतं.

‘भारनियमन’ गेलं, कारण तो वर्तमानपत्राचा शब्द. आमच्या घरात लाईट गेलेली असायची, आणि त्या वर्षांमध्ये गावाकडे ती दिवसाचे कितीतरी तास गेलेलीच असायची. ‘जे केलंस’ हेही गेलं. जे म्हणजे काय? आजीला ते माहीत असेलच असं नाही. तिच्या दृष्टीनं तिनं काही केलेलंच नाही, पोरगी उठली म्हणून तीही उठली. तेव्हा आभार मानायचे तर आधी तिनं काय केलं ते तिला सांगायला हवं होतं.

आणि एकच सांगायला हवं होतं. पहिल्या खर्ड्यात मी सगळं घातलं होतं: कंदील, तापात डोक्यावर ठेवलेल्या घड्या, कॉलेजला जाताना पदराच्या गाठीतून काढून दिलेली नोट, आईच्या आजारपणात सांभाळलेलं घर. एकेक गोष्ट खरी आहे. पण कानावर यादी पडली की शेवटची गोष्ट राहते, आधीच्या पुसल्या जातात. डोळ्यांनी वाचणारा मागे जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. मी कंदील ठेवला. बाकीच्यांच्या व्हॉइस नोटा पुढे होतील.

हे आजीच्या पिढीला सांगावं लागत नाही. जात्यावरची ओवी तशीच असते, एका ओवीत एक गोष्ट. भावाची वाट, नाहीतर लेकीची पाठवणी, नाहीतर पंढरीचा रस्ता. पहिली ओळ गाताना पुन्हा घेतली जाते, मधे ‘सांगते बाई तुला’ येतं, आणि तेवढ्यात ऐकणारी तयार होते. जात्याच्या घरघरीवरून पलीकडच्या बाईला कळावं अशीच ती रचना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकता येतात. त्या ऐकताना हाक किती वेळा येते ते बघावं. बाई, सखे, मैना, माझ्या बंधू. ऐकणारीचं लक्ष घरघरीतून पुन्हा पुन्हा बोलणारीकडे ओढून घेण्याचं काम ती हाक करते. मीही माझ्या कागदावर नवीन गोष्ट सुरू होते तिथे तिथे ‘आजी’ लिहिलं. सुरुवातीला ते जास्त वाटलं. मोठ्यानं म्हटल्यावर वाटलं नाही.

काही शब्द कानासाठी बदलावे लागले. मला कंदिलाच्या काचेबद्दल विचारायचं होतं. ‘काच’ हा आजीसाठी वाईट शब्द आहे, कारण तो ज्या ‘च’वर संपतो तोच तिला येत नाही, ‘काय’ ऐकू येईल, ‘काम’ ऐकू येईल. पण त्याच्या आधी ‘कंदिलाची’ आलं की मन काचेकडेच जातं. म्हणून ‘काच’ एकटी कुठेही ठेवली नाही. तसंच ‘चारला’च्या आधी ‘पहाटे’ ठेवलं.

सुरुवात कशी करायची यावर मी बराच वेळ घालवला. अवेळी आलेला नातीचा निरोप म्हणजे आजीच्या मनात पहिली शंका येते ती कोणाला तरी काहीतरी झालं असेल ही. ती शंका असेपर्यंत तिला पुढचं काही ऐकू येत नाही. म्हणून हाक, मग मी कोण, मग ताबडतोब ‘सगळं बरं आहे’. गोष्ट त्यानंतर. पहिली हाक तर नुसती कान इकडे वळावा म्हणून आहे, तिच्यानंतर मोठी जागा सोडली.

येण्याचं वचन मुद्दाम ठेवलं नाही. ‘पुढच्या महिन्यात येते’ एवढं एक वाक्य आलं असतं तर आजीनं बाकी सगळं सोडून तेवढंच धरलं असतं, आणि नोट पुन्हा ऐकताना तारखेसाठी ऐकली असती. आमच्या घरात आजीला कोणी धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर तिला सत्कार चालल्यासारखं वाटेल. तोही शब्द नाही. काय झालं आणि त्यानं माझं पुढे काय झालं, एवढं सांगितलं.

शेवटी जो मजकूर ठरला तो असा. प्रत्येक ओळ एका श्वासात म्हणायची आणि ओळ संपली की एक श्वास सावकाश आत घेऊन बाहेर सोडायचा. जिथे ओळ मोकळी सोडली आहे तिथे दोन श्वास.

आजी.

आजी, मी बाळी बोलतेय. पुण्यातून.
सगळं बरं आहे. काही काम नाही.
तुला एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

आजी, मी दहावीत होते.
तेव्हा गावात लाईट नसायची.
पहाटे चारला तू मला उठवायचीस.
कंदील लावायचीस.
मी वाचत बसायचे.
तू माझ्या शेजारी बसायचीस, तांदूळ निवडत.
मला डुलकी आली की म्हणायचीस, “वाच गं. मी हाय.”

आजी, तू जागी राहिलीस, म्हणून माझा अभ्यास झाला.
म्हणून मला नोकरी लागली.
हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतेय.

आजी, एक विचारू?
तो कंदील लख्ख असायचा.
त्या कंदिलाची काच तू कशानं पुसायचीस?
काकूंना बटण दाबायला सांग. आणि मला सांग.

शंभराच्या आतबाहेर शब्द आहेत. नेहमीच्या बोलण्यात ते पाऊण मिनिटात संपतील, श्वासांसकट दीड मिनिटाच्या आसपास जातात. याहून लांब असेल तर दोन नोटा कराव्यात, कारण लांब नोट मधेच थांबली तर नेमक्या जागी परत जाणं काकूंना जमत नाही, ती रेघ बोटानं मागे ओढावी लागते आणि बोट कुठेतरी भलतीकडेच जातं.

शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. आभाराला उत्तर द्यायचं म्हणजे आजीला अवघड होतं, ती ‘बरं बरं, जेवलीस का’ म्हणून विषय बदलते. काच कशानं पुसायची हे तिला नक्की माहीत आहे आणि त्या घरात ते फक्त तिलाच माहीत आहे.

कागदावरून वाचलं की आवाज सपाट होतो, बातम्यांसारखा. म्हणून एक ओळ डोळ्यांनी उचलायची, कागदावरून नजर काढायची आणि मग ती आजीला सांगायची. मी समोर तिचा फोटो ठेवला होता, त्यानं फरक पडला. रेकॉर्ड करताना पंखा बंद केला. पंख्याची आपल्याला सवय असते, फोनला नसते, आणि त्याची घरघर आजीकडे पोचते तेव्हा माझ्या ‘स’ आणि ‘च’वर बसलेली असते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, घुमलेला आवाज म्हाताऱ्या कानाला आणखी कठीण. मी कपड्यांच्या कपाटाजवळ, गादीवर बसून बोलले. फोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’चा वारा थेट माइकवर येत नाही. माइकचं बटण दाबून बोट वर सरकवलं की ते अडकतं, मग धरून बसावं लागत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण बटण धरून बोलताना माणूस नकळत घाई करतो. पाठवण्याआधी नोट ऐकता येते. मी ती पंखा लावून, फोन हातभर लांब ठेवून ऐकली. मला तिथून शब्द वेगवेगळे कळले, तर आजीला शांत खोलीत कानाशी कळण्याची आशा असते.

तिकडच्या फोनची बाजूही बघावी लागते. व्हॉट्सॲपवर 2021 पासून नोटेचा वेग बदलता येतो, आणि काकांना सगळं 1.5x वर ऐकायची सवय आहे. काकू तोच फोन वापरतात. श्वास मोजून सावकाश बोललेलं दीडपट वेगानं गेलं तर सगळं वाया. शिवाय आजी फोन दिसला की कानाला लावते. फोन कानाजवळ गेला की आवाज खालच्या मोठ्या स्पीकरमधून निघून वरच्या बारीक भोकात जातो, पडदा काळा होतो आणि आजी म्हणते, “बंद पडला.” म्हणून नोट पाठवण्याआधी काकूंना लिहून कळवलं. ‘काकू, ही आजीसाठी आहे. दुपारी जेवणं झाल्यावर माजघरात लावा, टीव्ही बंद करून. वेग 1x आहे का तेवढं बघा. आवाज पूर्ण. फोन तुम्हीच धरा, तिच्या उजव्या कानापासून वीतभर, वरच्या बाजूला हात न लावता. ऐकून झालं की नोटेला स्टार करा, म्हणजे पुन्हा सापडेल.’ काकूंनी फक्त अंगठा पाठवला.

दुपारी उत्तर आलं. आधी काकूंचा आवाज, “आत्या, बोला, चालू झालंय.” मग बराच वेळ कोंबड्या. मग आजी.

“बाळे, रोज कागदानं पुसायची. जुना पेपर घ्यायचा, चुरगाळायचा, आत घालून फिरवायचा. पाणी नाय लावायचं. गरम काचंला पाणी लागलं की तडकती. राख फकस्त बाजारादिवशी, ती बी चाळून. चुलीतली खडबडीत राख घेतली तर काच चरती. आन् वात रोज कापायची, सरळ. वाकडी कापली की एका अंगाला काजळी धरती, मग तुला कसं दिसणार? तुझं आजोबा म्हणायचं रॉकेल लई जातंय. मी म्हणलं, जाऊ द्या. ते रॉकेल रेशनचं पुरायचं नाय, मी पाटलाच्या घरनं बाटली आणायची. ते तुला ठावं नाय. कंदील हाय अजून, माळ्यावर. कडी तुटल्या त्याची. काय गं, एवढंच दाबायचं का अजून?”

शेवटचं वाक्य काकूंना होतं. रॉकेलच्या बाटलीचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पुढच्या नोटेत मी तिला पाटलांच्या घराबद्दल विचारणार आहे: बाटलीच्या बदल्यात ती त्यांना काय द्यायची, आणि आजोबांना ते कळलं होतं का.